मनगटावरची मयतं

पोमा आंटीचं हृदय रोज दुपारी बंद पडायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सुरू व्हायचं. निदान लीड्समध्ये राहणाऱ्या तिच्या लेकीला, सेरवाला, फोनवर तसं दिसायचं. सकाळी दुकान उघडायच्या वेळेला लाल रेघ चांगली नाचत यायची, जेवणाच्या सुमाराला तुटायची, आणि मग उजाडेपर्यंत नुसता पांढरा पडदा. त्या वेळात पोमा आंटी कुमासीच्या केजेतिया बाजारात कापडाच्या ठाणांवर ठाण मांडून गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत असायची, फुफूचे गोळे सुपात बुडवून गिळत असायची, समोरच्या गाळ्यातल्या दुफीच्या नावाने बोटं मोडत असायची. पण रेघेला ते ठाऊक नव्हतं, आणि सेरवाचा आईपेक्षा रेघेवर विश्वास जास्त. नर्स होती ना ती.

घड्याळ आलं ते पोमाच्या घेरीमुळे. पावसाळ्याआधीच्या उन्हात ती एकदा दुकानातच भोवळ येऊन ठाणांवर बसली. बसली म्हणजे पडलीच, पण ती मानायची नाही. रक्तदाबाची गोळी उपाशीपोटी घेतली म्हणून झालं, असं डॉक्टर म्हणाले. तरी नाडी काही आठवडे नजरेखाली असलेली बरी, असं शेपूटही त्यांनी जोडलं. सेरवाने ते शेपूटच धरलं. गावाकडे येणाऱ्या चर्चमधल्या एका बाईच्या हाती तिने मनगटी घड्याळ पाठवलं आणि फोनवर हुकूम सोडला. रात्रंदिवस घालायचं. नोंद सलग यायला हवी. नाही आली तर ती ईस्टरला येणार, दुकान भाच्याच्या, क्वासीच्या ताब्यात देणार आणि आईला अक्राच्या घरी नेऊन ठेवणार.

अक्राचं घर म्हणजे सेरवाने बांधलेला बंगला. उंच भिंत, गेटवर पहारेकरी आणि एक कुत्रा. पोमाला विचाराल तर ते थडगंच, फक्त पंखा लावलेलं. शिवाय अक्रात तिच्या ओळखीचं कोणी मरत नव्हतं. मग जगायचं कशावर?

कारण पोमा मयताचं कापड विकायची. लाल, काळं, गडद तपकिरी, आणि म्हातारं माणूस पिकल्या पानासारखं गळालं तर काळं-पांढरं. कुमासीत अंत्यविधीशिवाय शनिवार जात नाही. घराणं एक कापड ठरवतं आणि मग आत्या-माम्यांपासून शेजारणींपर्यंत सगळ्या तेच घेतात. एक घराणं मिळालं की महिना निघाला. ते मिळतं कुणाला, तर जी बाई सगळ्यांत आधी दारात जाऊन, तोंड पाडून, पिशवीतल्या नमुन्यांचा एक कोपरा तेवढा दिसेल असा ठेवून, सांत्वनाला बसते तिला. दुफी दिसायला जाडजूड, पण या शर्यतीत हरणासारखी पळायची.

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी म्हणून पोमाच्या जावा तिला नावं ठेवायच्या. पोमा म्हणायची, खाते बाई, पण ज्याची टाळू त्याला नीट झाकूनसुद्धा मीच पाठवते.

तर घड्याळ. भाचा क्वासी बँकेत होता, म्हणजे घरात त्याला सगळं कळतं असं धरलेलं. त्याने फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन, गाण्याचा स्पीकर जोडावा तसं घड्याळ ब्लूटूथला जोडून दिलं. झालं, म्हणाला. फोन आला की घड्याळात आवाज यायचा, पण अ‍ॅपला घड्याळ सापडेचना. मग पोमा आदुमच्या फोनबाजारात रफिआतूकडे गेली. रफिआतू झोंगोतली, म्हणजे मुसलमान वस्तीतली, तिशीची, डोक्यावर ओढणी, हातात डाग द्यायचा कावीया, आणि जीभ कावियाहून गरम. तिने घड्याळ उलटंपालटं केलं आणि विचारलं, हे आधी कुणाच्या फोनला लावलं होतं का? सेरवाने पाठवण्याआधी चालतंय का बघायला आपल्याच फोनला जोडून पाहिलं होतं. घड्याळ अजून तिलाच मालकीण समजत होतं. लीड्सला फोन लावून सेरवाकडून तिच्या अ‍ॅपमधून ते काढायला लावलं, पोमाच्या ब्लूटूथमधली क्वासीची करामत पुसली, घड्याळ कोरं केलं, आणि मग अ‍ॅपमधून नव्याने जोडलं. दोन्ही पडद्यांवर सारखाच आकडा आला. रफिआतूने तो पोमाला मोठ्याने वाचायला लावला, तेव्हा कुठे होकाराचं बटण दाबलं.

मनगटातल्या मणिमाळेवरून सैल बांधलेलं घड्याळ काढून तिने ते मनगटाच्या हाडाच्या जरा वर, कातडीला टेकेल असं बांधलं. खालचा हिरवा दिवा रक्ताची धडधड बघतो, तो मणी मोजायला नाही, असंही ऐकवलं. नोंद घड्याळात साठते, तिथून फोनवर उतरते, आणि फोनला डेटा असला तर लीड्सला जाते. पोमाच्या फोनमध्ये बॅटरी वाचवायची सोय चालू होती आणि ती मागे चालणारं अ‍ॅप गपचूप बंद करायची. रफिआतूने त्या सोयीला बजावून ठेवलं की या एका अ‍ॅपच्या वाटेला जायचं नाही. पोमा घरी आली. दुसऱ्या दिवशी लीड्सला लाल रेघ दिसली, आणि दुपारी हृदय बंद पडलं.

पोमा परत आदुमला. तुझं घड्याळ अर्ध्या दिवसात मरतं, म्हणाली. रफिआतू पोमाचं मनगट हातात धरून बसली. घड्याळ थरथरलं. पडदा उजळला. विझला. परत थरथरलं. तिच्यापुढचं वाआक्ये, म्हणजे चवळीचा भात, संपेपर्यंत ते इतक्या वेळा थरथरलं की रफिआतूने मोजायचं सोडून दिलं. मग तिने पोमाचा फोन उघडला आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये डोकावली.

"आंटी, हे सगळे ग्रुप कसले?"

"मयतांचे."

आणि खरंच होते. प्रत्येक घराणं अंत्यविधीची तयारी करायला ग्रुप काढतं, कापडवाली म्हणून पोमाला त्यात घेतं, माणूस मातीआड होतो, पण ग्रुप काही मरत नाही. तिथे रोज सकाळी कोणी देवाची वचनं टाकतं, त्यावर पन्नास जण आमेन म्हणतात, कोणी तांदळाचे भाव विचारतं, कोणाच्या शाळेचा निकाल लागतो, त्यावर परत आमेन. ओपानिन बोआतेंग दोन वर्षांपूर्वी गेले होते. त्यांच्या ग्रुपात त्या सकाळी हरवलेल्या बकरीचा शोध चालू होता.

"म्हणजे घड्याळ मेलेल्यांनी मारलं," रफिआतू म्हणाली. "दर आमेनला मोटर थरथरते, पडदा पेटतो. बॅटरी तरी किती भोगणार? सगळे म्यूट करते."

पोमाने फोन हिसकावून घेतला. सगळे म्यूट केले तर नवं मयत कळायचं कसं? दुफी आधी पोचली तर? त्यावर दोघींची चांगलीच जुंपली. शेजारचे कव्हर विकणारेसुद्धा मत द्यायला आले. शेवटी तह झाला. पुरलेल्यांचे ग्रुप म्यूट. घड्याळापर्यंत काय येऊ द्यायचं त्या यादीत फेसबुक, व्हिडिओ, सट्टा, उसनवारीची अ‍ॅपं सगळी बंद. सतत पेटलेला पडदाही बंद, हात वर केला की उजळणंही बंद. फोन हातात असेल तेव्हा घड्याळाने तोंड उघडायचं नाही. चालू ठेवायचे ते फक्त ज्या ग्रुपांत माणसं अजून मरू शकतात ते, म्हणजे बाजारातल्या बायकांचा, चर्चचा, गावकऱ्यांच्या संघाचा आणि असे दोन-तीन. आणि सेरवा.

त्या रात्री घड्याळ जिवंत राहिलं. दुसऱ्या रात्रीही. आता पोमा रोज आंघोळीच्या वेळी ते चार्जिंगला लावायची, आणि रेघ अखंड झाली. सेरवा आठवडाभर खूष होती, आईचं कौतुक करत होती. पोमाने लगेच दुफीला ऐकवलं की माझी लेक परदेशातून माझी नाडी बघते, तुझी लेक गल्लीतून येऊन तुझं तोंडसुद्धा बघत नाही.

गर्वाचं घर खाली. आठवडा संपता संपता सेरवाचा फोन आला. तिचा आवाज वॉर्डातला होता, घरातला नव्हता.

तिने विचारलं की मंगळवारी चर्चहून आल्यावर तू काय करत होतीस? बसले होते. गुरुवारी सकाळी? बसले होते. शनिवारी? बसलेच होते गं, मी काय नाचते? तेच तर, सेरवा म्हणाली. पावलं शून्य, आणि नाडी सत्तरावरून एकदम एकशेतीस. एका आठवड्यात चार वेळा. बसल्याजागी. आई, हे चांगलं लक्षण नाही, मी तिकीट बघते.

घड्याळ बंद पडत होतं तेव्हा निदान घड्याळाला दोष देता येत होता. आता ते बोलायला लागलं होतं आणि पहिल्याच वाक्यात चुगली केली होती.

ती पुन्हा रफिआतूसमोर जाऊन बसली. हे घड्याळ खोटारडं आहे, म्हणाली, मला काही होत नाही, मस्त जेवते, मस्त झोपते. रफिआतूने अ‍ॅपमधला मंगळवार उघडला, उडीवर बोट ठेवून वेळ बघितली. मग व्हॉट्सअ‍ॅप उघडलं, तिथली वेळ बघितली. गुरुवार. शनिवार. मग तिने कावीया बाजूला ठेवला आणि तिला हसू आवरेना. डोळे ओढणीने पुसत हसत राहिली.

मंगळवारी चर्चच्या ग्रुपात आलं होतं की वडीलधारे ओवुसू देवाघरी गेले, मागे अकरा मुलं. गुरुवारी गावसंघात एक शाळामास्तर. शनिवारी सगळ्यांत उंच उडी, रेघ जवळजवळ वरच्या काठाला. त्या दिवशी राजघराण्यातली एक आत्या, तिच्यामागे पाचशे माणसं सहज लाल नेसतील अशी. चौथ्या उडीला मात्र कोणी मेलं नव्हतं. रविवारी दुपारी, पोमाला आठवलं, दुफी तीन हमाल बायकांच्या डोक्यावर गठ्ठे देऊन पोमाच्या दारावरून गेली होती.

"आंटी, तुमचं हृदय आजारी नाही," रफिआतू म्हणाली. "ते खूष होतंय. कोणी मेलं की उडी मारतंय."

पोमा चिडली. अशा गोष्टी आदुमच्या भर बाजारात बोलतात का? मी रडते प्रत्येकाच्या दारात, म्हणाली, खरे अश्रू. रफिआतू म्हणाली, रडता हो, पण ते दारात. मेसेज येतो तेव्हा तुम्ही दारात नसता.

आता आली पंचाईत. सेरवाला खरं सांगावं तर लेक म्हणणार, माझी आई लोक मेले की आनंदाने उड्या मारते. न सांगावं तर लेक तिकीट काढणार, दुकान क्वासीला, आणि क्वासीला लाल आणि काळं यांतला फरकसुद्धा विचारून सांगावा लागतो. दोन दिवस पोमाने उरलेले ग्रुपही म्यूट करून पाहिले. रेघ अशी शांत, की जणू तळ्याचं पाणी. आणि त्या दोन दिवसांत दुफीने दोन घराणी पटकावली, दुपारी मुद्दाम पोमाच्या गाळ्यासमोर उभी राहून मेजवानी असल्यासारख्या मिटक्या मारत केळी खाल्ली. तिसऱ्या दिवशी पोमाने ग्रुप उघडले आणि लेकीला फोन लावला.

कबुलीजबाबाला पाद्र्यासमोर बसावं तशी ती बोलली. फिरून फिरून, आधी देव, मग हवा, मग दुफी, आणि शेवटी मयतं.

मग सेरवा म्हणाली, "आणि शनिवारी? शनिवारी एकशे अडतीस होती."

"राजघराणं होतं गं," पोमा हळूच म्हणाली. "पाचशे लोक."

लीड्समध्ये काहीतरी फुटल्यासारखा आवाज आला. सेरवा हसत होती. लहानपणी दुकानातल्या ठाणांत लपून हसायची तशी, नाकातून. पोमाला इतकं हलकं वाटलं की तीही हसली, आणि मग दोघींना थांबवेना.

पण नर्स ती नर्स. तिने आईला डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी हृदयाचा आलेख काढला, छातीला तारा चिकटवून एक दिवस यंत्रही लावून ठेवलं. सगळं ठीक निघालं. आनंदाने, रागाने, भीतीने नाडी पळणारच, त्यात गैर काही नाही, असं त्यांनी सांगितलं. काही कारण नसताना उडाली आणि पळतच राहिली, तर मात्र लगेच या. सेरवाने लगेच त्याचा कायदा केला. ग्रुप चालू ठेव, धंदा कर, म्हणाली. पण दर उडीला नाव हवं. मी विचारेन कोण, तू नाव लिहायचं. ज्या दिवशी उडी असेल आणि नाव नसेल, त्या दिवशी मी विमानात. मग कारण ऐकणार नाही, दुकानाला कुलूप.

पोमाने कबूल केलं. नावांना तोटा नव्हता.

आणि मग तो त्यांचा खेळच झाला. लीड्समध्ये ड्यूटी संपली की सेरवा रेघ उघडायची, उडी दिसली की दोनच अक्षरं पाठवायची, "कोण?" पोमा नाव लिहायची, नावाबरोबर घराण्याचा आकार, आणि कापडाचा रंग. सेरवा सल्ले द्यायला लागली. त्यांच्याकडे तरुण नाती खूप आहेत, जरा चमकदार काळं दाखव. त्या घरात मागच्या वर्षी लाल झालंय, तपकिरी ने. कधी पोमा लिहायची, कोणी नाही, दुफी. त्यावर लेक नाकातून हसल्याचं चित्र पाठवायची. सेरवा लीड्सला गेल्यापासूनच्या बारा वर्षांत मायलेकी इतक्या बोलल्या नव्हत्या, आणि दोघींनाही ते मेलेल्यांच्या कृपेने चाललंय याची लाज वाटेनाशी झाली होती.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी दुपारी पोमा ठाणांवर बसून एका नवरा मेलेल्या बाईशी भाव करत होती. भाव ऐन रंगात आलेला. घड्याळ थरथरलं. सवयीने तिने मनगट वळवलं. गावसंघाचा ग्रुप. पडद्यावर मेसेजची पहिली ओळ मावते, तेवढीच आली होती.

टेचिमानहून दुःखद बातमी, क्वाकू अंतवी.

क्वाकू अंतवी म्हणजे सेरवाचा बाप. लाकडाचा ट्रक चालवायचा. सेरवा शाळेत जायच्या आधीच टेचिमानच्या एका टोमॅटोवालीच्या घरी राहायला गेला आणि परतला नाही. पोमाने त्याला तीस वर्षं शिव्या दिल्या होत्या, इतक्या नेमाने की काहींची लय ठरून गेली होती. तो मेला की मी त्याच्या घराण्याला दुप्पट भाव लावीन, असं ती बाजारात सांगायची. सेरवाने मात्र बापाशी नातं ठेवलं होतं. मोठी झाल्यावर त्याला शोधून काढलं, त्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला मदत केली, दर रविवारी फोन करायची. आईपासून लपवून नाही, पण तिच्यासमोरही नाही.

पोमा उठली नाही. नमुन्यांची पिशवी घेतली नाही. समोरची बाई भाव विचारत राहिली आणि पोमाला तिचे ओठ हलताना दिसत होते, शब्द येत नव्हते. छातीत काहीतरी सुटून पळत होतं. तिने पाणी प्यायलं, तरी ते पळतच होतं. थोड्या वेळाने घड्याळाने स्वतःहून इशारा दिला की नाडी जास्त आहे आणि आपण हललेल्या दिसत नाही. पोमाने त्याला गप्प केलं, पण इशारा लीड्सलाही पोचला होता. तिला त्या माणसाचा राग होता, फक्त रागच होता, हे तिने इतक्या वर्षांत पक्कं करून ठेवलं होतं, आणि आता तिच्याच मनगटावर कोणीतरी ते खोडून ठेवलं होतं.

मग पुन्हा थरथर. सेरवा.

"कोण?"

पोमाने फोन उचलला. बोटं नाव लिहायला गेली आणि थांबली. बाप गेला हे लेकराला असं सांगत नाहीत. रिवाज तसा नाही, आणि रिवाज नसता तरी पोमाने सांगितलं नसतं. लेकराला घरी आणतात, बसवतात, पाणी देतात. बापाच्या घराण्यातला वडीलधारा सावकाश, आडवळणाने बोलतो. जवळ धरायला माणसं असतात. तिकडे सेरवा परक्या शहरात, वॉर्डात, कोणाच्या तरी हाताला सुई लावताना दोन अक्षरांच्या उत्तरात बाप मेलेला वाचणार? आणि बापाची शवपेटी मुलांनी करायची असते. ती त्याच्यासाठी यायलाच हवी होती.

खोटं नाव लिहिलं तर सेरवा येणार नाही, आणि नावच लिहिलं नाही तर दुकान जाणार, हे पोमाला स्वच्छ दिसत होतं. शब्द तिने स्वतः दिला होता.

तिने लिहिलं, "कोणी नाही."

उत्तर लगेच आलं. दुफी? नाही. राग आला का कुणाचा? नाही. मग पडद्यावर बराच वेळ सेरवा लिहितेय, थांबतेय, लिहितेय असं दिसत राहिलं.

"आई, अर्धा तास झाला, रेघ खाली येत नाही. आता बहाणा ऐकणार नाही. मी येतेय. आणि दुकानाचं आपलं ठरलंय."

"ये," पोमाने लिहिलं. तिने याआधी प्रत्येक तिकिटाशी भांडण केलं होतं.

मान वर केली तर दुफी दारात उभी. तीही त्याच संघाची, तिच्या फोनवरही तेच आलं होतं. पोमाने आधी तिच्या हाताकडे पाहिलं. हातात पिशवी नव्हती. दुफी न बोलावता आत आली, गिऱ्हाईक बाईला उद्या या म्हणून सांगितलं, आणि आपलं सगळं अंग पोमाच्या शेजारी ठाणांवर टेकवलं.

"कापड आणलेलं नाही," दुफी म्हणाली. "म्हणून मी चांगली आहे असं समजू नकोस."

पोमाने तिला सांगितलं ते एवढंच, की सेरवाला कळलेलं नाही, ती येईपर्यंत कळता कामा नये. पण सेरवा बापाच्या नातेवाइकांच्या ग्रुपात होती, चर्चच्या ग्रुपात होती, शाळेच्या मैत्रिणींच्या ग्रुपात होती. कुमासीत माणूस मेलं की तास भरायच्या आत त्याचा फोटो, काळी चौकट आणि विझलेली मेणबत्ती सगळीकडे फिरते, आणि खाली आमेनांची रांग लागते. एखाद्या फोनवर म्यूट करता येतं. अख्ख्या शहराला म्यूट कोण करणार?

दुफी म्हणाली, मी करते. एरवी सांगायला सगळ्यांना फोन करतेच की, आज सांगू नका म्हणायला करेन.

आणि तिने केलं. ती स्वतः कोणत्या ग्रुपात नव्हती असा ग्रुप नव्हता. कुणाला फोन केला, कुणाच्या गाळ्यात जाऊन दम भरला, गावसंघातला मेसेज टाकणाऱ्याला तो काढायला लावला. पोमाने टेचिमानच्या घराण्याच्या प्रमुखाला फोन लावला, तीस वर्षांत पहिल्यांदा, आणि त्याने रिवाजाचं नाव ऐकताच मुलांच्या ग्रुपात कोणी काही लिहायचं नाही असं बजावलं. चर्चचा चिटणीस कुरकुरला, कारण त्याने मेणबत्ती आधीच निवडून ठेवली होती. रफिआतूलाही निरोप गेला. तिने आदुमच्या पोरांना सांगितलं की जो कोणी हे पुढे पाठवेल त्याचा फोन पाण्यात पडला तरी ती उघडणार नाही. गुड फ्रायडेला देवाच्या मरणावरसुद्धा त्या ग्रुपांत कोणी शब्द काढला नाही, न जाणो एकातून दुसरं निघायचं म्हणून. पोमाचं घड्याळ दोन दिवस हललं नाही.

शनिवारी सेरवा आली. अक्राला उतरून बसने आली, डोळे झोपेने लाल, पाठीला पिशवी. घरात शिरताना तिने आईला मिठी मारली नाही, आधी मनगट धरलं. घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही. दोन बोटं नाडीवर ठेवून मोजायला लागली, ओठ हलवत. मोजता मोजताच सांगत होती, की उद्या ईस्टर असला तरी डॉक्टरांकडे जायचं, सोमवारी क्वासीला किल्ल्या, मंगळवारी अक्रा, आणि रडून उपयोग नाही.

पोमा म्हणाली, आधी बस.

बैठकीत माणसं बसलेली होती. क्वासी होता, दुफी कोपऱ्यात होती, आणि टेचिमानहून आलेले तीन म्हातारे, खांद्यावर गडद कापड टाकून. सेरवाने त्यांना नमस्कार केला, उजवीकडून डावीकडे, सवयीने. कोणीतरी तिला पाणी दिलं. तिने ते प्यायलं. मोठ्या म्हाताऱ्याने रिवाजाप्रमाणे विचारलं की आम्ही इथे बरे आहोत, तू कशी, कशासाठी आलीस. ती म्हणाली, आईच्या हृदयासाठी आले. आईचं मनगट अजून तिच्या हातात होतं.

म्हाताऱ्याने घसा साफ केला. आमच्याकडेही एक निरोप आहे, म्हणाला, आणि टेचिमानच्या रस्त्यापासून, पावसापासून सुरुवात केली. सेरवा ऐकत होती. तिची बोटं मोजत होती. मग बोटांखाली नाडी पळायला लागली, तिला ती कळली, आणि तिने म्हाताऱ्याकडून नजर वळवून आईकडे पाहिलं.

"कोण?" सेरवाने विचारलं.

सांगायचा मान म्हाताऱ्याचा होता, पण त्याने तो सोडला.

"तुझे बाबा," पोमा म्हणाली.

रडणं झालं ते झालं. दुफीने तिला दोन्ही हातांनी धरलं, इतकी मोठी बाई असण्याचा तेव्हा उपयोग झाला. पोमाही रडली, आणि तिला बघून टेचिमानच्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, कारण त्यांनी तिच्या शिव्या ऐकलेल्या होत्या. उन्हं कलली. म्हातारे हळूहळू कामाकडे वळले. दिवस कोणता, पेटी कसली, माणसं किती. मोठ्या म्हाताऱ्याने बिचकतच विचारलं की मुलांचं कापड कुठून घ्यायचं ते सेरवाने ठरवावं, तो तिचा हक्क.

सगळे तिच्याकडे बघत होते. क्वासीने खिशातून हात बाहेर काढला, त्याला किल्ल्या आत्ताच मिळतात की काय असं वाटलं असावं. दुफीने जमिनीकडे पाहिलं. पोमाने शब्द दिलेला होता.

सेरवाने चेहरा पुसला. आईच्या मनगटावरची तिची बोटं कधीच मोजायची थांबली होती, पण ती तिथेच होती.

"सोमवारी दुकान उघड, आई," ती म्हणाली. "बाबांना दुसऱ्या कुणाचं कापड नको."